कर सहायकाची नेमणूक की नऊ लाखांचं पॅकेज? इंदूरच्या एका घरात मांडलेला हिशेब

सरकारी की खासगी हा प्रश्न इंदूरच्या मराठी घरांत बहुधा चुकीच्या वेळी निघतो. पोरगं भंवरकुआंच्या क्लासला जायला लागलं की निघतो, नाहीतर रुजू होऊन चार वर्षं झाल्यावर रविवारच्या पोह्यांबरोबर. तो काढायची खरी वेळ मधली असते. एका हातात नेमणुकीचं पत्र आणि दुसऱ्या हातात कंपनीचं ऑफर लेटर असतं आणि दोघांनाही उत्तर द्यायला तीन-चार आठवडे असतात. हा लेख त्या आठवड्यांसाठी आहे.

मी छोट्या-मध्यम कंपन्यांची पगारपत्रकं बनवतो, त्यामुळे नात्यातली मुलं असले कागद घेऊन माझ्याकडेच येतात. अलीकडे माझी भाची आली. वय 25, संगणक अभियंता, एका लहान कंपनीत दोन वर्षांचा अनुभव. कर्मचारी निवड आयोग म्हणजे एसएससीच्या, पदवीधरांसाठी असलेल्या सीजीएल परीक्षेतून तिला केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क खात्यात कर सहायकाचं पद मिळालं होतं, झोन भोपाळ. त्याच महिन्यात विजयनगरमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं तिला वर्षाला नऊ लाखांची ऑफर दिली. पुढचे सगळे आकडे तिचे आहेत. तुमचं पद किंवा पॅकेज वेगळं असेल तर आकडे बदला, पायऱ्या त्याच ठेवा.

पहिली पायरी: दोन्ही पगार एकाच साच्यात बसवा

भाचीनं आल्या आल्या सांगितलं, "मामा, तिकडे पंचवीस हजार पाचशे आणि इकडे पंचाहत्तर हजार. विचार कसला करायचा?" चूक तिची नाही. सरकारी जाहिरातीत नुसतं मूळ वेतन छापतात आणि कंपनी सीटीसी सांगते, म्हणजे तुमच्यावर होणारा तिचा वर्षाचा एकूण खर्च. एकीकडे सगळ्यात लहान आकडा पुढे करतात, दुसरीकडे सगळ्यात मोठा. दोन्ही खात्यात जमा होणाऱ्या रकमेवर आणल्याशिवाय तुलना करू नका.

आधी सरकारी बाजू. कर सहायक लेव्हल 4 मध्ये येतो, मूळ वेतन 25,500. महागाई भत्ता मी जुलै 2025 पासूनच्या 58 टक्के दरानं धरला आहे, तुम्ही त्या वेळचा दर घाला. तो होतो 14,790. इंदूर वाय वर्गातलं शहर आहे, म्हणून घरभाडं मूळ वेतनाच्या 20 टक्के, म्हणजे 5,100. प्रवास भत्त्याची गोष्ट थोडी मजेशीर आहे. हा भत्ता जास्त दरानं देण्यासाठी केंद्रानं मोजक्या शहरांची यादी केली आहे. तिच्यात इंदूर आहे आणि राजधानी असून भोपाळ नाही. इंदूरला 3,600 आणि त्यावर महागाई भत्ता मिळून 5,688 मिळतात, भोपाळला बरोबर निम्मे. एकूण झाले 51,078.

यातून निवृत्तिवेतनाची कपात मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या 10 टक्के, म्हणजे 4,029. मध्य प्रदेशाचा व्यवसाय कर महिन्याला 208. आरोग्य योजना आणि गटविमा मिळून तीनशेच्या आत. हातात येतात साधारण 46,500.

आता कंपनीची बाजू. नऊ लाखांतले 1,35,000, म्हणजे 15 टक्के, व्हेरिएबल होते. ते वर्षाअखेर कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीवर मिळतात किंवा मिळत नाहीत. मूळ पगार साडेचार लाख. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 54,000 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद 21,645. हे दोन्ही तुमच्याच सीटीसीत मोजलेले असतात. आरोग्य विम्याचा हप्ता 12,000, तोही आतच. सगळं वजा केल्यावर महिन्याला 56,446 उरतात. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 4,500 आणि व्यवसाय कर गेला की हातात 51,700.

नव्या करप्रणालीत पगारी उत्पन्नाला 75,000 ची प्रमाणित वजावट आहे आणि 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळते. म्हणून या दोन्ही पगारांवर आयकर शून्य.

म्हणजे पंचवीस विरुद्ध पंचाहत्तर नाही, तर साडेसेहेचाळीस विरुद्ध पावणेबावन्न. फरक महिन्याला पाच हजारांचा. शिवाय सरकार राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, स्वतःचे 14 टक्के घालतं ते वेगळंच. सरकारी पगार सीटीसीच्या पद्धतीनं लिहिला तर पावणेसात लाखांच्या वर जातो.

एचआरला फोन करून तीन आकडे ईमेलवर मागून घ्या: महिन्याची निश्चित रक्कम, पीएफची कपात, आणि मागच्या दोन वर्षांत व्हेरिएबल किती टक्के दिलं. तिसऱ्याचं उत्तर लेखी येत नसेल तर तो आकडा शून्य धरा.

राज्य सरकारची नोकरी असेल तर हा साचा जसाच्या तसा चालत नाही. मध्य प्रदेशात 2019 च्या नियमानं तिसऱ्या वर्गाच्या अनेक पदांना परिवीक्षेत पहिल्या वर्षी 70, दुसऱ्या वर्षी 80 आणि तिसऱ्या वर्षी 90 टक्के वेतन ठरलं होतं. त्यावर पुढे वादही झाले. म्हणून तुमच्या नेमणुकीच्या पत्रात काय लिहिलंय तेच खरं धरायचं. आणि 2022 पासूनचं ते 87-13 प्रकरण भंवरकुआंला कोणालाही विचारा. आरक्षणाच्या खटल्यामुळे 13 टक्के जागांचे निकाल अडकवून ठेवले जातात आणि त्या यादीतली मुलं नोकरी लागूनही न लागल्यासारखी बसतात. तुमचं नाव त्या 13 टक्क्यांत असेल तर तुमच्या हातात अजून नेमणूक नाही. खासगी ऑफर तिच्याशी तोलत बसू नका, सरळ घ्या.

दुसरी पायरी: पाच वर्षं मांडा, आणि त्यात बेकारीचे महिने घाला

खासगीची वाढ वेगानं होते, हे खरं आहे. पण किती वेगानं आणि मध्ये खंड पडला तर काय, हे कागदावर उतरवल्याशिवाय कळत नाही.

सरकारी पगारात वर्षाला 3 टक्के वेतनवाढ असते. लेव्हल 4 च्या तक्त्यात 25,500 नंतर 26,300, मग 27,100 असे टप्पे आहेत, पाच वाढींनंतर 29,600. शिवाय महागाई भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. दोन्ही मिळून हातात येणारी रक्कम वर्षाला 7 टक्के वाढेल असं मी धरलं. हा माझा अंदाज आहे, कुठला सरकारी आकडा नाही. आठव्या वेतन आयोगाची घोषणा जानेवारी 2025 मध्ये झाली, पण न मिळालेली वाढ या हिशेबात घालायची नाही. या दरानं पाच वर्षांत हातात येतात साधारण 32 लाख.

कंपनीत राहून वर्षाला 10 टक्के वाढ मिळाली आणि व्हेरिएबल शून्य धरलं तर पाच वर्षांत येतात 38 लाखांच्या जवळपास. फरक पावणेसहा लाखांचा.

आता चौथ्या वर्षी नोकरी गेली असं धरा. त्या वर्षीचा हातातला पगार महिन्याला 69,000 च्या आसपास असेल. आठ महिने घरी बसावं लागलं तर साडेपाच लाख गेले, म्हणजे पाच वर्षांतला सगळा फायदा पुसला. चार महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली तर निम्मा शिल्लक राहतो. या उदाहरणात जोखीम इतकीच आहे: पाच वर्षांत आठ महिने. "खासगीत काही खरं नाही" असं आजोबा म्हणतात तेव्हा त्यांना विचारा, किती महिने खरं नाही?

खरी गंमत 10 टक्क्यांना नाही, 18 टक्क्यांना आहे. वाढ 18 टक्के धरली तर तेच पाच वर्षांचे 44 लाख होतात आणि फरक बारा लाखांवर जातो. पण एकाच कंपनीत बसून 18 टक्के क्वचित मिळतात. ते कंपनी बदलल्यावर मिळतात, आणि इंदूरमध्ये दोन-तीन उड्या मारल्या की पुढची उडी पुण्याला किंवा बंगळूरला पडते. रामबागेत आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या मुलीला आज भाडं नाही, डबा नाही, ऑफिस स्कूटीच्या टप्प्यात. पुण्याला खोली, जेवण आणि येणंजाणं मिळून महिन्याला वीस हजार जास्त लागले तर वर्षाला 2,40,000 गेले. म्हणून बाहेरच्या शहरातला पगार लिहिताना तो खर्च आधी वजा करा आणि मगच वाढीचे टक्के काढा. आमच्याकडे अनेकांना 40 टक्क्यांची उडी वाटते ती हे केल्यावर 10-12 टक्क्यांवर येते. तरीही काही मुलं जातात आणि योग्यच करतात, कारण तिथलं काम मोठं असतं. मग पैशासाठी जातोय असं मात्र म्हणू नये.

सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आल्यापासून इंदूरला राहून मोठ्या कंपनीत काम करता येतं, हा मोठा बदल आहे. पण भाचीची ऑफर तशा कंपनीची नव्हती. म्हणून तिसरी पायरी.

तिसरी पायरी: कंपनी तपासा

ऑफिस चकचकीत आहे, कॉफीचं मशीन आहे, मुलाखत घेणारे चांगले बोलले, यातून कंपनीच्या तब्येतीबद्दल काहीच समजत नाही. घरबसल्या करता येतील अशा दोन तपासण्या सांगतो. पहिली फार थोड्यांना माहीत आहे.

भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर Establishment Search नावाची सोय आहे. तिला लॉगिन लागत नाही. कंपनीचं नोंदणीकृत नाव टाकायचं. पाटीवरचं नाव नाही, ऑफर लेटरच्या तळाशी असतं ते. कंपनी सापडली की तिच्या पीएफच्या भरण्याचा तपशील उघडतो: कुठल्या महिन्याचा, कुठल्या तारखेला, किती रक्कम आणि किती कर्मचाऱ्यांसाठी. पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. एखादा महिना उशीर झाला तर घाबरू नका. सलग चार-पाच महिने उशीर होत असेल तर कंपनीकडे रोख पैशाची ओढाताण आहे, कारण पगाराच्या आधी पीएफच लांबवतात. मी हा खेळ दुसऱ्या बाजूनं पाहिलेला आहे.

त्याहून बोलका असतो कर्मचाऱ्यांचा आकडा. भाचीला मुलाखतीत "आमची टीम वेगानं वाढतेय" असं सांगितलं होतं. आम्ही महिनावार आकडे वहीत उतरवले. आठ महिन्यांपूर्वी 71 माणसांचा पीएफ भरला होता, मग 66, मग 58, शेवटच्या महिन्यात 48. तारखा मात्र सगळ्या वेळेवर. म्हणजे कंपनी लबाड नव्हती, आकसत होती. काही माणसं कंत्राटावर हलवली असतील किंवा एखादा मोठा ग्राहक गेला असेल. तिनं एचआरला सरळ विचारलं तेव्हा "पुनर्रचना चालू आहे" असं उत्तर आलं.

दुसरी तपासणी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर होते. कंपनीची मूळ माहिती फुकट दिसते: नोंदणी कधीची, शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा, मालमत्तेवर कर्जाचा बोजा आहे का. थोडी फी भरली की ताळेबंदच बघता येतो. त्यात सलग दोन वर्षांची विक्री आणि कर्मचाऱ्यांवरचा खर्च एवढंच पाहा. विक्री जागच्या जागी आणि कर्मचाऱ्यांचा खर्च वाढता, तर पुढच्या वर्षी कोणाच्या नोकऱ्या जाणार हे उघड आहे.

याशिवाय कंपनी सोडून गेलेल्या दोघांशी बोला. पगार कोणत्या तारखेला यायचा आणि व्हेरिएबल किती मिळालं, एवढंच विचारा. साहेब कसे आहेत हे विचारू नका, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. ऑफर लेटरमध्ये नोटीस 90 दिवसांची असेल तर ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते पाहा. तुम्हाला 90 आणि कंपनीला 30, असली पत्रं इंदूरमध्ये मी बरीच पाहिली आहेत. मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेणारी कंपनी असेल तर तिथेच थांबा.

चौथी पायरी: सरकारी पत्रही तितक्याच संशयानं वाचा

इकडे घरचे लोक गाफील राहतात. सरकारी आहे म्हटल्यावर पत्र देवासमोर ठेवतात, वाचत नाहीत.

पहिली गोष्ट जागेची. भोपाळ झोन म्हणजे इंदूर नव्हे. या झोनमध्ये मध्य प्रदेश आणि छत्तीसगड दोन्ही येतात, त्यामुळे पहिली नेमणूक जबलपूर किंवा रायपूरलाही होऊ शकते. भाचीच्या मनात माणिकबाग होतं. होळकरांचा तो महाल आज याच खात्याचं इंदूरचं कार्यालय आहे आणि लहानपणापासून ती त्याच्यासमोरून गेलेली आहे. नेमणूक कुठे मिळेल ते पत्रात लिहिलेलं नसेल, तर मघाचा हिशेब बाहेर राहण्याचा खर्च धरून पुन्हा करा. बाहेरगावच्या खोलीला दहा-बारा हजार गेले आणि प्रवास भत्ता निम्म्यावर आला तर हातात 32-33 हजारच उरतात. खासगीशी असलेला पाच हजारांचा फरक मग अठरा-वीस हजारांचा होतो. हा धोका नोकरी जाण्याचा नाही, पण पैशांत मोजता येतो आणि तो मोजलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट परिवीक्षेची. दोन वर्षं असते. त्या काळात पोलीस पडताळणी, कागदपत्रांची तपासणी आणि खात्याच्या परीक्षा होतात. कायम होईपर्यंत तात्पुरत्या सेवेचे नियम लागू असतात. त्यात एक महिन्याच्या नोटिशीवर दोन्ही बाजूंना मोकळं होता येतं. हे तुमच्या फायद्याचंही आहे. सोडायचं असेल तर केंद्राच्या या पदाची साखळी कंपनीच्या 90 दिवसांपेक्षा सैल आहे. बँकांचं तसं नाही, तिथे अधिकाऱ्यांकडून करारनामा घेतात आणि मुदतीआधी सोडलं तर पैसे भरावे लागतात.

तिसरी, बढतीची. त्याच पदावर राहिलात तर दहा, वीस आणि तीस वर्षांनी वरची वेतनश्रेणी आपोआप मिळते, पण दहा वर्षं म्हणजे फार झाली. जे खरंच पुढे जातात ते खात्याच्या परीक्षा देऊन किंवा सीजीएलच पुन्हा देऊन जातात. निरीक्षकाचं पद लेव्हल 7 मध्ये आहे, मूळ वेतन 44,900. हातातला पगार साधारण दोन-तृतीयांशानं वाढवणारी ही उडी आहे आणि तशी उडी खासगीत दोनदा कंपनी बदलल्यावर पडते. तर भाचीनं स्वतःला विचारायचा प्रश्न असा: ऑफिसमधून आल्यावर आणखी दोन-तीन वर्षं अभ्यासाला बसशील? नाही असं उत्तर असेल तर सरकारी नोकरीची वाढ 7 टक्क्यांचीच धरायची, त्यात स्वप्नं मिसळायची नाहीत.

मुलींसाठी आणखी एक ओळ हिशेबात येते. केंद्र सरकारी नोकरीत प्रसूतीची रजा 180 दिवसांची आहे आणि त्याशिवाय मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण नोकरीत मिळून 730 दिवसांची रजा मिळते. खासगीत कायद्यानं 26 आठवडे आहेत, दुसरी तशी रजा नाही. हे पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही. भाचीच्या आईला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटला. भाचीला अजिबात वाटला नाही. मी तो वहीत लिहून ठेवला आणि गप्प बसलो.

पाचवी पायरी: कोणतं दार कधी बंद होतं ते लिहा

माझ्या मते निर्णय इथे होतो. पगाराच्या तुलनेत दोन्ही बाजू जवळजवळ आल्या तर निदान इथेच करावा.

कर सहायकाच्या पदाला वयाची मर्यादा 27 आहे, आरक्षित वर्गांना सवलत धरून जास्त. सीजीएलची काही पदं 30 आणि काही 32 पर्यंत मिळतात. भाची 25 ची आहे. आज नाही म्हटलं तर तिला परत यायला मोजक्या परीक्षा उरतात, आणि त्याही नोकरी करत, पुन्हा शून्यापासून. याउलट आत गेली आणि तीन वर्षं सलग नियमित सेवा झाली, तर गट क च्या पदांसाठी केंद्रीय कर्मचारी म्हणून वयाची सवलत 40 पर्यंत जाते. शिवाय खात्याला कळवून, रीतसर मार्गानं अर्ज करून दुसऱ्या केंद्रीय पदावर गेलं तर तांत्रिक राजीनामा देता येतो. मागची सेवा मोजली जाते, पगाराला संरक्षण मिळतं. न कळवता अर्ज केला तर हे सगळं हातचं जातं. दरवर्षी कोणीतरी ही चूक करतंच.

आता दुसरं दार. तिचा प्रोग्रामिंगचा हात कर सहायकाच्या टेबलावर किती दिवस टिकेल? मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "दोन वर्षं. घरी काही करत राहिले तर तीन." तिच्या क्षेत्रासाठी मला ते बरोबर वाटतं. तीन वर्षांनी ती खासगीत परतली तर आजच्या नऊ लाखांवर नाही, चार-पाचांवरून सुरुवात करावी लागेल. हेच वाणिज्य शाखेच्या मुलाचं असतं तर उत्तर उलटं आलं असतं. जीएसटी खात्यात तीन वर्षं काढलेल्या माणसाला सल्लागार कंपन्या आनंदानं घेतात, त्याचं खासगीचं दार आत राहूनच जास्त उघडतं.

म्हणून दोन तारखा कागदावर लिहा. सरकारी दार कोणत्या वर्षी बंद होईल आणि खासगी कोणत्या वर्षी. जे आधी आणि कायमचं बंद होतंय, त्याला नाही म्हणायला कारण भक्कम लागतं. दोन्ही सारखीच जवळ असतील, जशी भाचीची होती, तर घरची परिस्थिती बघायची. म्हणजे तुमचा पगार थांबला तर घर किती महिने चालेल. भाचीच्या वडिलांना पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे, पण धाकट्या भावाच्या कॉलेजची दोन वर्षं बाकी आहेत आणि त्याची फी तीच भरणार आहे. आठ महिन्यांची बेकारी पेलायला हातातल्या पगाराप्रमाणे चार लाखांहून जास्त गंगाजळी लागते. तिच्याकडे सव्वा लाख होते.

लग्नाच्या बाजारात सरकारी नोकरीला भाव आहे, हा मुद्दा घरात हमखास निघेल. त्याला या वहीत रकाना देऊ नका.

सहावी पायरी: कागदांचा क्रम

ठरल्यावरही गडबड होते, ती क्रमात होते.

सरकारी घ्यायची असेल तर निकाल लागला म्हणून चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका. निकालानंतर झोनचं वाटप, कागदपत्रांची तपासणी, मग नेमणुकीचं पत्र, यात कित्येक महिने जातात. पत्र हातात आल्यावरच राजीनामा. इथे कंपनीची 90 दिवसांची नोटीस आणि रुजू होण्याची मुदत एकमेकांना आडव्या येतात. रुजू होण्याची मुदत संपण्याआधीच मुदतवाढीचा अर्ज कारणासह पाठवा आणि त्याची पोच ठेवा. मुदतवाढ मिळते, पण अमर्याद नाही. साधारणपणे सहा महिन्यांत देकार आपोआप रद्द होतो. उशिरा रुजू होण्याचा सेवाज्येष्ठतेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून फक्त लागतील तेवढेच दिवस मागा. जुन्या कंपनीकडून कार्यमुक्तीचं पत्र आणि पीएफची नोंद पूर्ण करून घ्या, पडताळणीत मागतात.

खासगी घ्यायची असेल तर सरकारी नेमणुकीला लेखी नकार कळवा. पत्र नुसतं पडू देऊ नका. आणि नवी कंपनी जॉइन करण्याआधी व्हेरिएबलमधली काही रक्कम निश्चित पगारात वळवून मागा. मागायची हीच वेळ असते, नंतर कोणी ऐकत नाही.

भाचीनं मागितलं होतं. वर्षाला साठ हजार इकडून तिकडे करा म्हणाली. कंपनीनं आठवडाभर लावला आणि नाही म्हटलं. 71 वरून 48 आणि हा नकार, दोन्ही एकत्र आल्यावर तिला फार विचार करावा लागला नाही. तिनं कर सहायकाचं पद घेतलं, तेही पुढच्या सीजीएलला निरीक्षकासाठी पुन्हा बसायचं असं ठरवून. कंपनीचे आकडे चढते असते आणि गंगाजळी चार लाखांची असती, तर मी तिला विजयनगरलाच जा म्हटलं असतं.

रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिला एक फॉर्म भरायचा होता. एप्रिल 2025 पासून केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्याला एनपीएस की यूपीएस, म्हणजे एकीकृत पेन्शन योजना, हे निवडावं लागतं आणि त्यासाठी रुजू झाल्यापासून 30 दिवस मिळतात. यूपीएसमध्ये 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे, दहा वर्षांनंतर किमान दहा हजारांची. पण राजीनामा देऊन जाणाऱ्याला ती हमी मिळत नाही. चार-पाच वर्षांत खासगीकडे परतण्याची थोडीही शक्यता वाटत असेल तर एनपीएस बरं, त्यातलं साठलेलं खातं नव्या नोकरीत बरोबर नेता येतं. भाचीनं एनपीएस निवडलं. तिच्या वडिलांना ते अजून पटलेलं नाही.